मदत हवी आहे: दहावीच्या सनदेवर Dnyaneshwari, आधारवर Gyaneshwari

आम्ही परभणीचे. धाकट्या बहिणीला यंदा सीईटी द्यायची आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि सनदेवर तिचं नाव Dnyaneshwari आहे, आधारवर मात्र Gyaneshwari. लहानपणी कॅम्पमध्ये आधार काढलं तेव्हा ऑपरेटरने 'ज्ञ' हिंदीसारखा टाईप केला आणि अण्णांनी पावतीवर न बघताच सही केली.

काल नेट कॅफेत फॉर्म भरताना सनदेप्रमाणे नाव टाकलं, तर आधार पडताळणी अडकली. आधारप्रमाणे टाकलं तर ती होईल, पण मग प्रवेशाच्या वेळी कागदपत्रं तपासताना गुणपत्रिकेशी नाव जुळणार नाही. मागच्या वर्षी मामाच्या पोराला केंद्राच्या गेटवर अर्धा तास बाजूला उभं केलं होतं. हॉल तिकीट आणि ओळखपत्रात एका अक्षराचा फरक होता. हमीपत्र लिहून घेतलं, मग आत सोडलं.

सनद दुरुस्त करायची तर शाळेमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे जावं लागतं, आणि तिथे शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद बघतात. आमची तर तिथेही Dnyaneshwari अशीच आहे. म्हणून आधारच बदलावं असं ठरवलंय. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे या वेळी चूक नको.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: केंद्रावर बोर्डाची गुणपत्रिका पुरावा म्हणून चालली का? किती दिवस लागले? आणि फॉर्म आधी भरून टाकावा की आधार दुरुस्त होईपर्यंत थांबावं?