मदत हवी आहे: डायरीतलं किती गाळून कॅप्शन लिहू?

आमच्या दिंडोरीकडच्या द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात असलेला कर्जाचा बोजा या आठवड्यात उतरला. त्या रात्री डायरीत पानभर लिहिलं. आता वडिलांचा, म्हणजे दादांचा, बागेतला फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा आहे, त्याखाली त्यातल्याच तीन-चार ओळी हव्यात. फोटोला त्यांची हरकत नाही. उताऱ्याचा फोटो टाकणार नाही, त्यावर गट नंबर आणि सगळ्यांची नावं असतात.

डायरीत गारपिटीचं वर्ष आहे, आईने मोडलेल्या पाटल्या आहेत, हात वर केलेले एक नातेवाईक आहेत. पाटल्यांचं माहेरी कुणाला माहीत नाही, त्यामुळे ते जाणारच. नातेवाइकांचं नाव काढून "कोणीच मदत केली नाही" असं लिहून पाहिलं, पण गावात लगेच कळेल कोणाबद्दल आहे. म्हणून तेही काढलं. मग उरलं "अखेर सातबारा कोरा झाला, खूप आनंद." हे कुणाचंही असू शकतं, त्यात वडील कुठेच नाहीत.

डायरीतली एकच ओळ कुणाचं काही उघड करत नाही: "इतर हक्कांचा रकाना दादांनी दोनदा वाचला आणि उतारा घडी न घालता पिशवीत ठेवला." मला तिच्यावरच थांबावंसं वाटतं. पण माझे बरेच मित्र नाशिक शहरातले, शेतीशी संबंध नसलेले.

बोजा किंवा कर्ज हा शब्द न वापरता ही ओळ त्यांना पोचेल का, की आधी गारपिटीचं एक वाक्य ठेवावंच लागेल?