प्रतिसाद: खोलीबाहेरच्या बाकावर

"निबंध मुलीनं स्वतः लिहिलाय, तरी एआयचा म्हणून समितीनं बोलावलंय. सोबत काय न्यावं?"

गेल्या वर्षी माझी भाची कोल्हापुरात अशीच समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. निबंध इंग्रजीत, विषय रंकाळ्यातली जलपर्णी. वही इतकी घट्ट धरलेली की पुठ्ठ्यावर घामाचे ठसे उठले होते. "मामा, मी साधी वाक्यं लिहिली, ते चुकलं का?"

कारण बहुधा तेच होतं. एआयचं लिखाण ओळखणारी अनेक साधनं पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, हे मोजतात. शाळेत घोटून घेतलेलं सरळ इंग्रजी त्यांना यंत्राचं वाटू शकतं. उचललेल्या मजकुराचं मूळ शेजारी ठेवून दाखवता येतं, इथं हाती फक्त अंदाजाचा आकडा असतो. ओपनएआयनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये बंद केलं.

आत तिनं आकड्यावर वाद घातलाच नाही. गूगल डॉक्समधला आवृत्ती-इतिहास उघडला. चार संध्याकाळचं काम, मधेच खोडलेला एक अख्खा परिच्छेद. बाईंनी विचारलं, "हा का काढलास?" ती म्हणाली, "मासे मेल्याचं ऐकीव होतं, मी पाहिलं नव्हतं." मग वहीतली काठावर उभं राहून घेतलेली टिपणं दाखवली. पुढची दहा मिनिटं बोलणं रंकाळ्यावरच चाललं.

तुम्ही मूळ फाइलच न्या. तिची नवी प्रत काढलीत तर जुना इतिहास त्यात येत नाही. आणि आज रात्री तिला प्रत्येक परिच्छेद का लिहिला, हे तोंडी सांगायला लावा.