ऑल-इन-वनवर गेम : चालतात की नुसते सुरू होतात?

मूळ पोस्ट : ऑल-इन-वनवर, म्हणजे स्क्रीनमध्येच सगळा संगणक असतो त्या मशीनवर, गेम चालत नाहीत, हे खूळ असेंब्लीवाल्या दुकानदारांनी पसरवलंय. माझा प्रोसेसर आय५-१३३५यू, ८ जीबी रॅम. व्हॅलोरंट मस्त चालतं. टेबलाखाली खोकं हवंच कशाला?

सातारी_सोल्डर : व्हॅलोरंट साध्या मशीनवर चालावा म्हणूनच बनवलाय, त्यावरून निकाल देऊ नका. १०८० रिझोल्यूशनवर जीटीए ५ लावून शहरात गाडी पळवा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली Slots used: 1 of 2 दिसतंय का बघा. रॅमची एकच पट्टी असेल तर तिथेच ग्राफिक्सचं नाव Iris Xe ऐवजी UHD दिसेल. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅमवरच जगतं आणि एका पट्टीत डेटाचा रस्ता निम्मा होतो.

रोहन_ठाणे : म्हणजे १६ जीबीची पट्टी टाकली की झालं. उगाच घाबरवताय लोकांना.

सातारी_सोल्डर : नाही! १६ची एकच टाकलीत तर रस्ता तेवढाच. ८-८च्या दोन टाका, फरक नक्की पडेल. पण डीडीआर४-३२०० च्या दोन पट्ट्या मिळून सेकंदाला ५१.२ जीबी, त्यातही प्रोसेसरचा वाटा. जुन्या जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डाला एकट्याला १२८. ते कार्ड बसवायला आत स्लॉट नाही, आणि ९० वॅटच्या अडॅप्टरवर ७५ वॅटचं कार्ड पोसणार कसं?

मीनल_नाशिक : गेमचं राहू द्या. आमच्याकडे वॉरंटी संपल्यावर स्क्रीनवर उभी रेघ आली. पॅनेलचा खर्च ऐकून मशीन तसंच पडून आहे. मॉनिटर वेगळा असता तर तेवढाच बदलला असता.

डोंबिवलीकर : दीड खोलीत चौघं राहतो, तिथे खोकं कुठे ठेवू? मोठ्या घरात बसून सल्ले देणं सोपं असतं.

मीनल_नाशिक : आमचंही घर मोठं नाही. जागा वाचली, पैसे गेले.

रोहन_ठाणे : मागे एचडीएमआय आउट असेल तर दुसरा मॉनिटर जोडता येतो की.

मीनल_नाशिक : आमच्याला फक्त इन आहे. विकताना कोणी सांगितलं नाही.

मूळ पोस्ट : मॉनिटरचा वेगळा धागा काढा! पट्टी एकच निघाली, मान्य. पण पहिली दहा मिनिटं सुरळीत आणि मग अडखळतं, त्याचा रॅमशी काय संबंध?

सातारी_सोल्डर : तो उष्णतेचा किंवा वॅटच्या मर्यादेचा मामला. प्रोसेसरची बेस पॉवर १५ वॅट. थोडा वेळ तो जास्त खेचतो, मग हात आखडतो, आणि त्याच वाट्यातून ग्राफिक्सही चालतं. गेम अडखळताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा स्पीड कोसळलेला दिसला तर कारण हेच. पहिल्या मिनिटापासूनच रखडत असेल तर आधी रॅम बघा. मागची जाळी साफ करा, गेम ७२० वर आणा.

मूळ पोस्ट : ७२० वर २४ इंची स्क्रीन धुरकट दिसते. दुसरी पट्टी टाकतो, पण खोकं घेणार नाही.

डोंबिवलीकर : घेऊच नका.