विषय: २९ तारखेचे वडे आतून गारच (तेल आणि पीठ)

मंडळी,
रविवारी लक्ष्मीनगरच्या गच्चीवर ज्यांनी वडे खाल्ले त्यांना वेगळं सांगायला नको. बाहेरून छान बदामी, आतून थेट फ्रिज! २९ तारखेला साठ माणसं आहेत, माणशी दोन वडे आणि वर ब्रेड पकोडे. सारण आदल्या रात्रीच करावं लागेल, कारण सकाळी खुर्च्या लावायलाही आपणच आहोत. तेल किती तापवायचं आणि पीठ किती घट्ट ठेवायचं, तेवढंच सांगा. मेनू बदलायची चर्चा नको, मागच्या डिसेंबरात झाली तेवढी पुरे.
मंजिरी

---

मंजिरी, तेल कमी तापलं होतं. धूर दिसेपर्यंत तापव. आणि आवरण जाड ठेव, उष्णता आत कोंडून राहते. मोठी कढई माझ्याकडेच आहे, नेलीत तर घासून परत करा. मागची अजून चिकट आहे.
श्रीकांत

---

श्रीकांतराव, कढईचं राहू द्या. धूर निघालेल्या तेलात वडा दीड-दोन मिनिटांत लाल होतो आणि आपण घाबरून तो काढतो. आतला बटाटा शिजलेलाच असतो, त्याला फक्त तापायचं असतं. त्याला हवा वेळ, आणि तोच आपण देत नाही.

रविवारी मी एक वडा मोडून पाहिला. कडेचा बटाटा गरम आणि मधोमध सुपारीएवढा भाग गारठलेला. गोळे मोठ्या लिंबाहून मोठे होते आणि फ्रिजमधून काढून थेट कढईत गेले. पीठ इतकं घट्ट की कवचाच्या आतून कच्च्या बेसनाचा चिकट पिवळा थर लागत होता. म्हणजे तुमच्या जाड आवरणाने उष्णता कोंडली नाही, बाहेरच अडवली.

सारण रात्री करा, पण सकाळी कोरड्या कढईत परतून कोमट करा आणि मग गोळे वळा. गोळा लिंबाएवढा, वरून किंचित चपटा. पीठ असं की बोट बुडवून काढलं तर बोटावर पातळ थर राहावा आणि त्यातून नख पुसट दिसावं. फार पातळ झालं तर कवच फाटतं, बटाटा तेलात उतरतो आणि पुढचा सगळा घाणा काळा होतो. पिठाचा थेंब तेलात टाकला की तो बुडबुडत लगेच वर यावा, पण लगेच लाल होऊ नये. तळाशी बसून राहिला तर तेल थंड आहे. एका वेळी सहाच वडे सोडा. जास्त सोडले की तेल निवतं आणि पीठ तेल पितं.
सुनंदाकाकू

---

काकू, आमच्याकडे ब्रेड पकोडा इंडक्शनवर तळतो तर पिळला की तेल गळतं. खायचा सोडा जास्त पडला असेल का? वड्याचं मला काही विचारायचं नाही.
नीलेश

---

नीलेश, सोड्याने तेल पितोच, पण तुझं तेलही थंड असणार. ब्रेड म्हणजे स्पंज. शिवाय दोन स्लाइसमधे बोटभर सारण भरलं तर आत उष्णता पोचतच नाही, कारण हवेने भरलेला ब्रेड मधे आडवा येतो. सारण पातळ पसरायचं, तेही गरम.
सुनंदाकाकू

---

मी काल घरी करून पाहिलं. थर्मामीटर होता, तेल १७५ अंशांवर ठेवलं. साधारण ४५ ग्रॅमचा कोमट गोळा चार मिनिटांत मधोमध गरम झाला. तेवढाच फ्रिजमधला गोळा त्याच वेळात बाहेरून तयार, आत थंड. जाडी दुप्पट झाली तर आत पोचायला वेळ जवळपास चौपट लागतो, म्हणून काकूंचा चपटा गोळा बरोबर आहे. विणायची बारीक सुई मधोमध खुपसा, पाच सेकंद ठेवा, काढून मनगटाला लावा. चटका बसला तर झाला.
अनिरुद्ध

---

सुई कुणाची? माझी नको. आणि नागपुरात बसून सगळे वडे-वडे काय करताय? आलूबोंडा म्हणा नं. सोबत तर्री असणार की नाही?
वैशाली

---

वैशाली, तर्रीचा धागा वेगळा काढ. काकू, ठरलं: सारण कोमट, गोळा लहान, सहा-सहाचा घाणा. १२० वड्यांचे वीस घाणे होतात, चार मिनिटांचा एक धरला तरी ऐंशी मिनिटं. एका कढईत कसं जमायचं? ब्रेड पकोडे कधी तळायचे?
मंजिरी

---

वड्यांचा पहिला हात मंद तेलात फिकट रंगावर आधीच काढून ठेवता येईल. वाढायच्या वेळी कडक तेलात मिनिटभर. पण आधीचे जास्त वेळ पडून राहिले तर कवच मऊ पडतं, म्हणून अर्ध्या तासाच्या आतच. पकोडे मात्र एकदाच, गरमागरम. दुसरी कढई लागेलच.
सुनंदाकाकू

---

दुसरी माझीच नेणार ना? आधी पहिली घासा.
श्रीकांत