मदत हवी आहे: फी मामा भरतो, पण हजेरी त्याला दिसायला नको

आमच्या शाळेचं पालक पोर्टल मी सांभाळतो. परवा एका आईने दाखवलं: पावतीच्या लिंकमध्ये `id=1042` चं `id=1043` केलं की दुसऱ्याच मुलाचं नाव, तुकडी आणि फीसवलत दिसते. लाजच वाटली. आता लॉगिन केलेला पालक त्याच मुलाचा आहे का, हे दर वेळी सर्व्हरवर तपासतो.

अडलंय ते पुढे. काहींची फी मामा किंवा आजोबा भरतात. आई त्यांना सरळ ओटीपी सांगते, मग हजेरीसकट सगळंच उघडं पडतं. म्हणून फक्त रक्कम दाखवणारी, 48 तासांत बंद होणारी वेगळी लिंक द्यायचा विचार आहे. पावती पालकाच्याच खात्यात जाईल. असं कुणी केलंय का? पैसे कापले गेले, पण तोवर लिंकची मुदत संपली, तर नोंद कशी जुळवता?