‘चिरतारुण्य’ की ‘चिरडिंभता’? ॲक्सोलॉटलच्या निमित्ताने

शाईची दौत: मुलांच्या मासिकासाठी ॲक्सोलॉटलवरचा एक लेख मराठीत करते आहे. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे आहेत, तिथला हा सॅलॅमँडर, म्हणजे बेडकासारखाच उभयचर, पण शेपटी असलेला प्राणी. दोन जागी अडले आहे. एक म्हणजे ‘निओटेनी’ला, म्हणजे वयात येऊनही अंग पिल्लासारखंच राहण्याला, काय म्हणावं? तूर्त मी ‘चिरतारुण्य’ लिहिलंय. दुसरं हे वाक्य: ‘ॲक्सोलॉटल कायम बाळ राहतो, म्हणून त्याचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो.’ यातलं ‘उगवतो’ कानाला खटकतंय. बी उगवतं, सूर्य उगवतो. पायाचं काय होतं?

रानवाटा: चिरतारुण्य सुंदर आहे, तेच ठेवा. हा प्राणी म्हातारा होतच नाही ना! मोठं न झाल्यामुळे पेशी कोवळ्या राहतात आणि अवयव परत येतात, असं मी वाचलंय. ‘उगवतो’सुद्धा चालेल, मुलांना लगेच कळेल.

कल्ले आणि खवले: रानवाटा, म्हातारा तो होतो. पाळलेले साधारण 10 ते 15 वर्षं जगतात आणि मरतात. ‘तारुण्य’ शब्दाची अडचण वेगळीच आहे. तारुण्य म्हणजे वयात येणं, आणि त्या बाबतीत ॲक्सोलॉटल इतर कोणाहून मागे नाही. वर्षभरात तो वयात येतो, मादी एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते. फक्त अंग डिंभावस्थेतलं, म्हणजे अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अवस्थेतलं राहतं: डोक्यामागे पिसांसारखे बाहेर आलेले कल्ले, शेपटीवरचा पातळ पडदा, पापणी नसलेले डोळे. म्हणून मी ‘चिरडिंभता’ म्हणेन. लेखात ‘बाळ’ही नको, कारण अंडी घालणाऱ्या प्राण्याला मुलं बाळ म्हणणार नाहीत.

ही गफलत जुनीच आहे. 1864 मध्ये मेक्सिकोहून 34 ॲक्सोलॉटल पॅरिसला गेले. त्याआधी बऱ्याच जाणकारांना वाटे की हे कुठल्या तरी सॅलॅमँडरचं पिल्लू असणार, मोठा प्राणी अजून सापडायचा आहे. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात ऑग्युस्त द्युमेरील यांच्या देखरेखीखाली त्या ‘पिल्लांनी’च 1865 मध्ये अंडी घातली. पुढे त्या अंड्यांतून निघालेल्या काही जणांचे कल्ले झडले, कातडी बदलली आणि ते जमिनीवर आले. म्हणजे मोठं होण्याची वाट शरीरात शाबूत आहे, एरवी तिच्यावर पाऊल पडत नाही इतकंच. बेडूकमाशाचा बेडूक करणारं थायरॉइडचं संप्रेरक ॲक्सोलॉटलमध्ये पुरेसं वाढत नाही. ते बाहेरून दिलं तर काही आठवड्यांत कल्ले आखडू लागतात.

ऊसवाला: कोल्हापूर भागातनं लिहितोय. आमच्या घरात पालीची शेपटी तुटून परत येते, पाहिलंय मी. मग या मेक्सिकोच्या प्राण्याचं एवढं नवल काय? आणि ताई, ‘उगवतो’ नको हे बरोबर. तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत येतं त्याला आम्ही फुटवा म्हणतो. पाय ‘फुटतो’ म्हणा की.

कल्ले आणि खवले: दादा, ‘फुटतो’ मला फार आवडलं. पालीचा मात्र फरक आहे. तिची नवी शेपटी वरून शेपटीसारखी दिसते, पण आत मणक्यांच्या जागी कूर्चेची एकच नळी असते, आणि पाय तुटला तर तो परत येत नाही. ॲक्सोलॉटलच्या नव्या पायात हाडं, स्नायू, नसा सगळं आपापल्या जागी येतं. पुढच्या पायाला चार बोटं होती तर चारच येतात.

काचपेटी: मी हॅम्बुर्गला राहते, माझ्याकडे दोन आहेत. लहान असताना एकाने दुसऱ्याचा पुढचा पाय कोपराखाली खाल्ला. एकत्र ठेवणं ही चूक माझीच, लहान वयात ते हलेल त्याला चावतात. मी घाबरून दोघांना वेगळं केलं, थंड स्वच्छ पाणी रोज बदललं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जखम पातळ कातडीने झाकलेली. मग दोनेक आठवड्यांनी टोकाला फिकट गोळा आला, तो पुढे वल्ह्यासारखा चपटा झाला आणि त्यात बोटांच्या खाचा पडल्या. पाय पूर्ण व्हायला दोन महिने लागले. त्या गोळ्याला मराठीत काय म्हणतात?

आणि एक विचारायचं आहे. ओळखीच्या एकाने पाण्यात आयोडीन घालून ‘त्याला मोठं करून बघ’ असं सुचवलंय. करू का?

कल्ले आणि खवले: आयोडीन अजिबात घालू नका! रूपांतर ओढूनताणून घडवलं की बरेच प्राणी दगावतात, वाचतात त्यांचंही आयुष्य सहसा कमी होतं.

तुमच्या गोळ्याला ‘कोंब’ म्हणता येईल, पण एक गोष्ट सांभाळून. रानवाटांसारखंच पूर्वी अनेकांना वाटे की त्यातल्या पेशी सगळं विसरून कोऱ्या होतात आणि मग हवं ते बनतात. 2009 मध्ये चमकणाऱ्या खुणा लावून पेशींचा माग काढला गेला, तेव्हा दिसलं की त्या आपलं कूळ विसरत नाहीत. स्नायूच्या पेशींपासून स्नायूच झाला, कूर्चा झाली नाही. शिवाय नस लागते. पायाकडे जाणाऱ्या नसा कापल्या तर जखम भरते, पण कोंब वाढत नाही.

शाईची दौत: ‘पाय फुटतो’ घेतलं. पण ऊसवाले दादा, ‘फुटणे’ म्हणजे मोडणेही होतं. ‘तुटलेला पाय पुन्हा फुटतो’ वाचून मुलांना पाय परत मोडला असं वाटेल का?

ऊसवाला: मग ‘नवा पाय फुटतो’ लिहा. ‘नवा’ आला की घोळ मिटला.

कल्ले आणि खवले: हे उत्तम. आता माझा खरा आक्षेप तुमच्या ‘म्हणून’वर आहे. बेडकापुरतं पाहिलं तर तो पटतो: बेडूकमाशाला मागचा पाय नव्याने फुटतो, मोठं होता होता ती ताकद जाते. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाचा मोठेपणी पाय कापला तर बोटं नसलेला कूर्चेचा सुळका तेवढा येतो. पण न्यूट घ्या, तोही सॅलॅमँडरच. तो रीतसर रूपांतर होऊन मोठा होतो, तरी त्याला पाय फुटतो. मग डिंभ राहणं हेच कारण कसं?

रानवाटा: मग दोघांचा काहीच संबंध नाही?

कल्ले आणि खवले: तसंही नाही. संप्रेरक देऊन जमिनीवर आणलेल्या ॲक्सोलॉटलना पाय फुटला, पण निम्म्या वेगाने, आणि मनगट-बोटांत दोष राहिले. म्हणजे रूपांतराने ताकद कमी झाली, गेली नाही. ती का कमी होते, यावर एकमत नाही. आणि डिंभ राहूनही तिला मर्यादा आहे: एकाच जागी पुन्हापुन्हा कापत गेलं तर पुढे पाय अपुरा येतो.

शाईची दौत: मग ‘म्हणून’ काढते. ‘ॲक्सोलॉटल मोठा झाला तरी त्याचं अंग डिंभासारखं राहतं. आणि पाय तुटला तर त्याला नवा पाय फुटतो.’ संपादकांना मधला ‘आणि’ मिळमिळीत वाटेल, तरी मी तो धरून ठेवणार आहे.

काचपेटी: आयोडीन नाही घालत. ‘डिंभ’ मात्र माझ्या आठ वर्षांच्या लेकीला वाचून दाखवला, तिला तो ‘डिंक’ वाटला. बेडूकमासा तिने ऐकलाय. त्यावरून काही करता येईल का?