अनुभव धागा: घोरण्यामुळे वेगळी खोली आणि नवरा-बायकोतील जवळीक

शर्वरी
माझे यजमान मोठ्याने घोरतात आणि मला पहाटेची लोकल गाठायची असते, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी मुलीच्या खोलीत झोपते. झोप सुधारली, परंतु दिवा मालवल्यावर दिवसभराचे जे बोलणे होत असे ते जवळजवळ थांबले आहे. सासूबाईंनीही "तुमचे काही बिनसले आहे का?" असे विचारले. ज्यांनी वेगळ्या खोल्या केल्या आहेत, त्यांनी आपल्या नात्यावर काय परिणाम झाला ते कृपया लिहावे.

गोदाकाठ
घोरणे वजनामुळे होते. माझे वजन उतरले आणि घोरणे थांबले. खोली बदलण्यापेक्षा रोज चालणे सुरू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निशिगंध
मी झोपेच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. वजनाचा संबंध निश्चित आहे, परंतु खालचा जबडा लहान किंवा मागे असलेली सडपातळ माणसेही आमच्याकडे येतात. शर्वरीताई, जवळिकीच्या आधी मला एक वेगळीच काळजी वाटते. झोपेत श्वास अडतो हे घोरणाऱ्याला स्वतःला सहसा कळत नाही. ते शेजारी झोपणाऱ्या माणसाला कळते, आणि आपण खोली बदलली की तो साक्षीदारच जातो. घोरणे एकाएकी थांबते, दहा सेकंद किंवा त्याहून अधिक शांतता राहते आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास येतो, असे होते का ते पाहावे. सकाळी डोके दुखणे, तोंड कोरडे पडणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, दुपारी गाडी चालवताना डुलकी लागणे, औषध घेऊनही रक्तदाब न उतरणे, हीही लक्षणे आहेत. तसे असल्यास आधी कान-नाक-घसा किंवा फुप्फुसाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि खोलीचा निर्णय नंतर घ्यावा.

मोरपीस
आमच्या घरी नेमके हेच घडले. मी वेगळी झोपू लागले आणि यांचे घोरणे हा विषयच संपला असे आम्ही धरून चाललो. पुढे दिवाळीत पाहुणे आल्यामुळे एका खोलीत झोपलो, तेव्हा ती शांतता ऐकून मी घाबरले. डॉक्टरांनी घरीच करायची चाचणी सांगितली: नाकाशी बारीक नळी, छातीवर पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा. अहवालात तासाला सरासरी 38 वेळा श्वास अडत असल्याचे आले. 30 च्या पुढे आजार तीव्र समजतात. झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र आले, तरी पहिले काही आठवडे कठीण गेले, कारण मास्क मिशीपाशी नीट बसत नसे आणि फटीतून सुटणारी हवा सूं-सूं करत थेट माझ्या तोंडावर येई. मास्क बदलला, नाक कोरडे पडू नये म्हणून यंत्राला पाण्याची टाकी जोडली, आणि घोरणे बंद झाले. मी त्यांच्या खोलीत परतले, पण पूर्णपणे नाही. मला एकटीने अधिक गाढ झोप लागते, म्हणून कामाच्या दिवसांत मी आजही वेगळी झोपते. मात्र दहा ते साडेदहा आम्ही एकाच पलंगावर असतो, फोन बाहेर ठेवून, आणि त्यानंतर मी उठून जाते. ही वेळ ठरवल्यापासून अंतर जाणवत नाही.

आबा
माझा सहा वर्षांचा नातू तोंड उघडे ठेवून घोरतो. त्यालाही वेगळे झोपवावे काय?

निशिगंध
आबा, मुलांमध्ये बहुधा टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतात. त्याला वेगळे झोपवू नका, डॉक्टरांकडे न्या.

चाळकरी
आमची एकच खोली आहे, त्यामुळे वेगळे झोपण्याचा पर्याय आम्हाला नव्हताच. मी पाठीवर झोपलो की अधिक घोरतो, म्हणून कुशीवर झोपतो, रात्री मद्य घेत नाही, आणि पत्नी माझ्याआधी झोपते. तिची झोप एकदा लागली की मोडत नाही.

कृष्णाकाठची
आमच्याकडे मात्र वेगळ्या खोलीने नुकसान झाले, हे कोणीतरी लिहिले पाहिजे. मी उशी उचलून गेले ती रागात, आणि त्यांनी तो नकार समजला. घोरण्याबद्दल बोलणे त्यांना अपमानास्पद वाटे, म्हणून मी बोलले नाही. स्पर्श हळूहळू संपला. कोणी कोणाच्या खोलीत जायचे, हाच संकोच होऊन बसला. आता यंत्र आहे, घोरणे नाही, तरी खोल्या दोनच आहेत. मोरपीस यांनी सांगितलेली अर्ध्या तासाची वेळ इतक्या वर्षांनंतर सुरू करता येईल का, हे मला खरोखर विचारायचे आहे.

शर्वरी
काल रात्री त्यांच्या संमतीने फोनवर आवाज नोंदवला. मध्येमध्ये तशी शांतता आहे. स्वतः ऐकल्यावर ते चाचणीला तयार झाले आहेत. अहवाल येईपर्यंत मी त्यांच्याच खोलीत, कानात बोळे घालून झोपणार आहे. नंतरचे अजून ठरलेले नाही.